शिष्यवृत्तीच्या अर्जातील अभ्यास-आराखडा: चार सत्रांचे नियोजन तपासून हवे आहे

ओलावा

मी स्थापत्य अभियंता असून गेली तीन वर्षे पाणीपुरवठा योजनांचे काम करणाऱ्या एका सल्लागार संस्थेत नोकरी करते. भूजलशास्त्रातील दोन वर्षांच्या परदेशी पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरत आहे. अर्जात अभ्यास-आराखड्याचा स्वतंत्र विभाग असून त्याला दोन पानांची मर्यादा आहे. प्रत्येक सत्रात काय करणार आणि त्यातून काय निष्पन्न होईल, एवढेच त्यात लिहायचे आहे. उद्देशपत्र वेगळे द्यायचे आहे. अभ्यासक्रम १२० क्रेडिटचा असून ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. माझा मसुदा थोडक्यात असा आहे.

पहिले सत्र (३० क्रेडिट): भूजलशास्त्राची मूलतत्त्वे, जलरसायन, संख्याशास्त्र, जीआयएस आणि भाषावर्ग. दुसरे सत्र (३६ क्रेडिट): भूजल मॉडेलिंग, सुदूर संवेदन, प्रदूषकांचे वहन, पाणीविषयक कायदा आणि एक ऐच्छिक विषय. तिसरे सत्र (२४ क्रेडिट): इंटर्नशिप, दोन ऐच्छिक विषय आणि एका शोधनिबंधाचे प्रकाशन. चौथे सत्र (३० क्रेडिट): प्रबंध. मी जिथे काम केले आहे त्या सुमारे ९०० चौरस किलोमीटरच्या खोऱ्यातील भूजलाची घट ग्रेस उपग्रहाच्या आधारे मोजणे, असा त्याचा विषय आहे. अपेक्षित निष्पत्तीत मी ‘विषयाचे सखोल ज्ञान, आंतरराष्ट्रीय दृष्टिकोन आणि संशोधनाची क्षमता’ असे लिहिले आहे.

हे पुरेसे आहे का, की तपशील वाढवावा? आणि तिथे गेल्यावर विषय बदलले, तर आराखडा मोडला असे धरले जाते का?

भिंगरी

तपशील नक्कीच वाढवा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषय-पुस्तिका असते, तिच्यातील प्रत्येक विषयाचे नाव आणि क्रमांक जसाच्या तसा उतरवा, म्हणजे तुम्ही अभ्यास करून अर्ज केला आहे हे दिसते. दुसऱ्या सत्रात ३६ क्रेडिट ठेवले आहेत हे मला आवडले. पहिल्या सत्रातही तेवढेच ठेवा आणि तिसरे सत्र संशोधनासाठी जवळपास मोकळे सोडा. स्पर्धा मोठी असते, तेव्हा इतरांपेक्षा जास्त पेलण्याची तयारी दाखवावी लागते. माझ्या भावाने असेच केले होते आणि त्याची निवड झाली.

तटस्थ

माझ्या मते सुरुवातच चुकते आहे. विषयांची यादी कोणीही देऊ शकतो, वाचणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे. पाण्याशी तुमचे नाते कसे जुळले, कोणत्या प्रसंगाने तुम्ही या क्षेत्राकडे वळलात, हे पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे. मी ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होता. तिथे सत्रवार काही विचारले नव्हते. नेतृत्व, संपर्कजाळे, अभ्यासक्रमाची निवड आणि पुढील कारकीर्द यांवर निबंध होते आणि सगळा भर कथनावर होता.

ओलावा

तटस्थ, धन्यवाद. पण तो भाग मी उद्देशपत्रात लिहिला आहे आणि इथे तो पुन्हा लिहू नये अशी सूचना अर्जातच आहे. शिवाय तुमचा अभ्यासक्रम एका वर्षाचा असणार, माझा चार सत्रांचा आहे.

तटस्थ

बरोबर, माझा एका वर्षाचाच होता. प्रश्न मी घाईत वाचला. तरी एक अनुभव सांगतो. एका वर्षाच्या अभ्यासक्रमात प्रबंध उन्हाळ्यात येतो आणि त्याचा विषय मात्र त्याच्या कितीतरी आधी ठरवून द्यावा लागतो. हे मला तिथे गेल्यावर कळले. तुमच्याकडे वेळ अधिक असला तरी ही अडचण तुम्हालाही येणारच.

जुना_वाचक

एका शिष्यवृत्तीच्या निवड समितीवर मी काही वर्षे अर्ज वाचले आहेत, म्हणून वाचणारा काय करतो तेवढे सांगतो. आमच्यापैकी निम्मे लोक त्या विषयातले असत आणि ते अभ्यासक्रमाची नियमावली शेजारी उघडी ठेवून आराखडा वाचत. पहिली बेरीज क्रेडिटची होते. तुमची १२० भरते, ते ठीक. दुसरी तपासणी क्रमाची असते, आणि तुमचा मसुदा तिथे अडखळतो.

मॉडेलिंग तुम्ही दुसऱ्या सत्रात ठेवले आहे. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमात दुसरे सत्र उन्हाळी असते. बहुतेक विषय वर्षातून एकदाच शिकवले जातात, हिवाळी सत्रात किंवा उन्हाळी सत्रात, आणि विषय-पुस्तिकेत प्रत्येक विषयासमोर ते लिहिलेले असते. तुमचा मॉडेलिंगचा विषय कोणत्या सत्रात आहे ते आधी पाहा. तो हिवाळी असेल, तर तुमच्या आराखड्यातील दुसरे सत्र प्रत्यक्षात अस्तित्वातच नाही, आणि हे नियमावली उघडून बसलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात कळते. त्याच ओळीच्या खाली पूर्वअटी असतात. मॉडेलिंगसाठी संख्यात्मक पद्धती किंवा प्रोग्रॅमिंग येणे अपेक्षित असेल, तर तुमच्या पहिल्या सत्रात त्यापैकी काहीच दिसत नाही.

आता ३६ क्रेडिटविषयी. भिंगरी यांनी विषयांची नेमकी नावे द्यायला सांगितले, ते योग्यच आहे. मात्र भार वाढवण्याच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. युरोपीय पद्धतीत एक क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचे काम, त्यात घरचा अभ्यासही आला. व्याख्याने आणि परीक्षा मिळून सत्राचे सुमारे वीस आठवडे धरले, तर ३० क्रेडिटसाठी आठवड्याला ३८ ते ४५ तास लागतात आणि ३६ क्रेडिटसाठी ४५ ते ५४. हा भार तुम्ही नेमका सर्वांत अवघड विषय असलेल्या सत्रावर टाकला आहे. याला कोणी जिद्द म्हणत नाही. अर्जदाराने गणित केलेले नाही, एवढाच अर्थ त्यातून निघतो. नापास झालेला विषय पुढच्या वर्षीच्याच सत्रात पुन्हा घ्यावा लागला, तर मुक्काम लांबतो आणि शिष्यवृत्तीची मुदत काही आपोआप वाढत नाही.

तिसरी गोष्ट तुमच्या प्रबंधाची, आणि ती मला सर्वांत गंभीर वाटते. ग्रेस हे दोन उपग्रह २००२ मध्ये सोडले गेले आणि २०१७ पर्यंत चालले. त्यांचे वारसदार उपग्रह २०१८ मध्ये अवकाशात गेले. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील बदलांवरून ते पाण्याच्या एकूण साठ्यातील फरक सांगतात. पण त्यांना वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान तुकडा साधारण ३०० ते ४०० किलोमीटर रुंद असतो. ३०० धरला, तरी क्षेत्रफळ ९०,००० चौरस किलोमीटर होते. तुमचे खोरे ९०० चौरस किलोमीटरचे आहे. म्हणजे ज्या तुकड्यावर तुम्हाला बोट ठेवायचे आहे, तो त्या साधनाच्या एका ठिपक्याचा शंभरावा भाग आहे. शिवाय तो आकडा भूजलाचा नसतो. जमिनीतील ओल आणि पृष्ठभागावरील पाणी वजा केल्यावर उरते ते भूजल. खोऱ्यात निरीक्षण विहिरी असतील, तर त्यांची आकडेवारी सोडून तुम्ही उपग्रहाकडे का वळलात, हे मला समजले नाही.

ओलावा

खरे सांगायचे तर अर्जात उपग्रह असला की वजन येईल, असे वाटले होते. आपण म्हणता ते बरोबर आहे. मॉडेलिंगचा विषय फक्त हिवाळी सत्रात आहे, हे आता पाहिले. पूर्वअट म्हणून ‘पायथनची ओळख’ लिहिले आहे आणि तो विषय पहिल्या सत्रात ऐच्छिक म्हणून उपलब्ध आहे. म्हणजे क्रम असा लागतो: पहिल्या सत्रात पायथन, दुसऱ्यात क्षेत्रपद्धती, तिसऱ्यात मॉडेलिंग आणि चौथ्यात प्रबंध. भाषावर्गाला क्रेडिट नाहीत हेही आजच कळले, तेव्हा तो बेरजेतून काढला. आता चारही सत्रे ३० क्रेडिटची झाली आहेत.

प्रबंधासाठी खोऱ्यातील १४ निरीक्षण विहिरींची आठ वर्षांची पातळी मला मिळू शकते. त्यावर मॉडफ्लो वापरून मॉडेल बांधायचे आणि दर वर्षी किती पुनर्भरण होते ते काढायचे, असा विषय ठेवला तर चालेल का?

सहावा_प्रहर

मी जपानच्या सरकारी शिष्यवृत्तीवर गेलो होतो. तिथे आराखडा म्हणजे मुळात संशोधनाची योजना असते आणि ती ज्यांच्या हाताखाली काम करायचे, त्या प्राध्यापकांच्या नजरेसमोर ठेवूनच लिहावी लागते. त्यामुळे माझा सल्ला असा की चौथ्या सत्राच्या परिच्छेदात मार्गदर्शकाचे नाव असलेच पाहिजे. शक्य असेल तर आधी पत्रव्यवहार करून त्यांची संमती मिळवा. नाव नसलेला प्रबंध हवेत तरंगतो.

कोरियात गेलेल्या माझ्या मैत्रिणीच्या आराखड्यात तर आधी भाषेचे एक वर्ष होते. तिने भाषेसाठी कोणत्या पातळीची परीक्षा कधी देणार हे लिहिले आणि मगच अभ्यासक्रमाकडे वळली. प्रत्येक देशाचा साचा वेगळा असतो, एकाचा आराखडा दुसऱ्याला चालत नाही.

जुना_वाचक

साच्याबद्दल मान्य. नावाबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. ज्या अभ्यासक्रमात दीड वर्ष वर्गात शिकवले जाते आणि प्रबंधाचा मार्गदर्शक तिसऱ्या सत्रात ठरतो, तिथे आज एका व्यक्तीचे नाव लिहून सगळा डोलारा त्यावर उभारणे धोक्याचे आहे. प्राध्यापक रजेवर जातात, दुसऱ्या विद्यापीठात जातात. मी गटाचे काम सांगेन: अमुक विभागात भूजल मॉडेलिंगचा गट आहे, त्यांचे काम माझ्या प्रश्नाशी असे जुळते. नाव द्यायचे तर दोन द्या.

आता ओलावा यांच्या नव्या विषयाकडे येतो. विषय चांगला आहे, पण ‘पुनर्भरण काढीन’ या वाक्यात एक खड्डा आहे आणि भूजलाचा जाणकार परीक्षक तिथेच थांबेल. तुमच्याकडे फक्त विहिरींतील पातळी आहे. मॉडेलमध्ये तुम्ही पुनर्भरण दुप्पट केले आणि खडकाची जलवाहकताही दुप्पट केली, तर स्थिर अवस्थेत पातळी होती तिथेच राहते. पाणी दुप्पट येते आणि दुप्पट वेगाने निघून जाते, इतकेच. म्हणजे पातळीवरून या दोहोंचे गुणोत्तर मिळते, दोन्ही आकडे स्वतंत्रपणे मिळत नाहीत. मॉडेल विहिरींशी उत्तम जुळलेले दिसेल आणि पुनर्भरणाचा आकडा तरीही निम्मा किंवा दुप्पट असू शकेल. ही चूक आलेखात दिसत नाही, म्हणूनच ती टिकते.

यावरचा उपाय म्हणजे एक तरी प्रवाह मोजलेला असणे. पाऊस थांबल्यावर ओढ्यात जे पाणी वाहते, ते जमिनीतून झिरपून आलेले असते. तो प्रवाह लिटर प्रति सेकंदात मोजला, तर जोडीतील एक आकडा जखडला जातो. पंपिंग चाचणीतून जलवाहकता मिळाली तरी मदत होते, पण ती विहिरीच्या आसपासच्या जागेपुरतीच खरी असते. तुमच्या आराखड्यात हे मोजमाप कधी आणि कोण करणार, हे लिहिलेले असेल, तर दोन पानांत तुम्ही बाकीच्या अर्जांच्या पुढे गेलात असे समजा.

ओलावा

हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मी प्रबंधाच्या सहा महिन्यांचे वेळापत्रक असे मांडले आहे. एप्रिलमध्ये आकडेवारीची साफसफाई आणि खोऱ्याचे संकल्पनात्मक चित्र. मे महिन्यात स्थिर अवस्थेचे मॉडेल. जून-जुलैमध्ये १४ पैकी १० विहिरींवर कॅलिब्रेशन आणि ऋतुमानानुसार बदलणारे मॉडेल. ऑगस्टमध्ये बाजूला ठेवलेल्या चार विहिरींवर पडताळणी आणि कोणता घटक बदलल्यावर उत्तर किती हलते त्याची तपासणी. सप्टेंबरमध्ये लेखन. यात मोजमापाला जागाच नाही, म्हणून ते मी दुसऱ्या सत्रानंतरच्या मोठ्या सुट्टीत, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावाकडे येऊन करीन असे लिहिते. इंटर्नशिपही त्याच सुट्टीत बसते.

निष्पत्तीही बदलली. ‘सखोल ज्ञान’ काढून पहिल्या सत्रापुढे ‘विहिरींची आकडेवारी स्वयंचलितपणे तपासणारी पायथन आज्ञावली’, तिसऱ्यापुढे ‘लहान सराव-मॉडेल’ आणि चौथ्यापुढे ‘पडताळणी केलेले मॉडेल व ते वापरण्याची मार्गदर्शिका, जी मी माझ्या आधीच्या संस्थेला देईन’ असे लिहिले. शोधनिबंधाचे प्रकाशन काढून ‘निबंधाचा मसुदा’ ठेवला आहे.

भिंगरी

प्रकाशन का काढलेत? तेच तर समितीला हवे असते.

जुना_वाचक

कारण ते त्यांच्या हातात नाही. निबंध पाठवल्यावर समीक्षकांचा पहिला अभिप्राय यायलाच कित्येक महिने लागू शकतात, मग दुरुस्त्या होतात, मग निर्णय. तिसऱ्या सत्रात, प्रबंधाचे काम सुरू होण्याच्याही आधी, प्रकाशन होणार कशाचे? मसुदा हा शब्द बरोबर आहे. पायथन आज्ञावलीची निष्पत्ती मला विशेष आवडली, कारण ती झाली की नाही हे तिसरा माणूस उघडून पाहू शकतो.

रेघोटी

मी फक्त वाचक होते, पण एक शंका आहे. ओलावा, तुम्ही मोजमाप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठेवले आहे. तुमच्या खोऱ्यात पाऊस कधी पडतो?

ओलावा

जून ते सप्टेंबर.

आणि हे टाइप करतानाच चूक लक्षात आली. त्या दिवसांत ओढ्यात पावसाचेच पाणी असणार, जमिनीतून येणारे वेगळे कसे मोजणार?

रेघोटी

तेच म्हणत होते. शिवाय इंटर्नशिप सहा क्रेडिटची असेल, तर २५ तासांच्या हिशेबाने दीडशे आणि ३० च्या हिशेबाने १८० तास झाले, म्हणजे पूर्णवेळ चार-साडेचार आठवडे. त्याच सुट्टीत प्रवास आणि मोजमापही बसवणे तसे जिकिरीचेच होते. अजून एक पाहा: काही शिष्यवृत्त्यांत यजमान देशाबाहेर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त राहिल्यास परवानगी लागते किंवा विद्यावेतन थांबते. तुमच्या नियमांत तसे कलम आहे का?

ओलावा

आहे. लेखी परवानगी लागते आणि दिवसांची मर्यादाही आहे. इंटर्नशिप आता एकटीच उन्हाळी सुट्टीत ठेवते. मोजमाप तिसऱ्या सत्रानंतर, फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतच्या सुट्टीत करता येईल. तेव्हा पाऊस थांबून चार-पाच महिने झालेले असतात आणि लगेच एप्रिलमध्ये प्रबंध सुरू होतो. वेळ अगदी नेमकी जुळते.

सहावा_प्रहर

परीक्षा तेव्हाच नसतील ना? आमच्याकडे शैक्षणिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असे, त्यामुळे हे गणित वेगळे होते. पण हिवाळी सत्राच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये रेंगाळतात असे युरोपातील मित्र सांगत.

जुना_वाचक

विद्यापीठागणिक वेगळे असते, गेल्या वर्षीचे परीक्षा-वेळापत्रक पाहा. पण मला त्याहून साधा प्रश्न पडला आहे. फेब्रुवारीत तुमचा ओढा वाहतो का? कठीण खडकाच्या भागात अनेक ओढे तोवर आटलेले असतात. शून्य मोजण्यासाठी विमानाचे तिकीट काढू नका.

ओलावा

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मी त्या ओढ्यावरच्या पुलाखाली उभी राहिले होते, एका पाइपलाइनची पाहणी करायला. खडकांच्या खोलगट भागांत डबकी होती आणि त्यांच्यामध्ये कोरडी वाळू. चालत पलीकडे गेले, बूटही ओले झाले नाहीत. डिसेंबरच्या अखेरीस मात्र तिथे घोट्यापर्यंत पाणी असते, हे नक्की आठवते.

म्हणजे मी तिथे असताना प्रवाह नसणार आणि प्रवाह असताना मी वर्गात असणार. माझ्या संस्थेकडे प्रवाहमापक आहे आणि तो चालवणारा सहकारीही आहे. तिसऱ्या सत्राच्या परिच्छेदात मी आता असे लिहिले आहे: ‘मॉडेलिंगचा विषय (हिवाळी सत्र) पूर्ण करीन. खोऱ्याच्या मुखाशी असलेल्या पुलाखाली नोव्हेंबर ते जानेवारी या काळात दर पंधरा दिवसांनी प्रवाहाचे मोजमाप माझी पूर्वीची संस्था करील. मोजमापाची पद्धत आणि नोंदतक्ता मी दुसऱ्या सत्रातील क्षेत्रपद्धती या विषयात तयार करीन. हे मोजमाप न झाल्यास प्रबंधात पुनर्भरणाचा एक आकडा न देता पुनर्भरण आणि जलवाहकता यांचे गुणोत्तर व संभाव्य पल्ला दिला जाईल.’

संस्थेचे संमतिपत्र मागितले आहे, अजून हातात आलेले नाही.

जुना_वाचक

शेवटचे वाक्य अजिबात काढू नका. काही वाचकांना ते कमकुवतपणाचे वाटेल, पण मी समितीत असतो तर त्यालाच गुण दिले असते. विषय बदलले तर काय, हा तुमचा पहिला प्रश्न राहून गेला होता. ऐच्छिक विषय बदलले तर सहसा कोणी अडवत नाही, मॉडेलिंगसारखा आधाराचा विषय बदलायचा झाल्यास शिष्यवृत्ती देणाऱ्यांना आधी कळवावे. संमतिपत्र मुदतीत आले नाही, तर ‘करील’च्या जागी ‘करण्याची विनंती केली आहे’ असे लिहा.

भिंगरी

मग मार्गदर्शकाचे नाव द्यायचे की नाही?

सहावा_प्रहर

द्यायचे, असेच मी अजूनही म्हणेन.

ओलावा

दोन्ही प्राध्यापकांना आज पत्र पाठवले आहे. एकाचे स्वयंचलित उत्तर आले की ते पुढील वर्षभर रजेवर आहेत.